पाऊस फक्त पन्नास मिनिटं होता

"पावसानं वाट लावली," दिग्दर्शक म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

फिल्म क्लायंटच्या हातात जाऊन ८ दिवस झाले होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी आम्ही तिच्या गुऱ्हाळावर ६ मिनिटांची फिल्म केली होती, आणि मोबाइलवर फिरवायला ३०-३० सेकंदांचे तीन तुकडे. काम चांगलं झालं, क्लायंट खूश होता. फक्त आमच्याकडे त्यातून काही उरलं नव्हतं. ठरलेली रक्कम होती ५ लाख ५० हजार, आमचा खर्चाचा अंदाज होता ४ लाख ४० हजार, आणि प्रत्यक्षात गेले ५ लाख ६९ हजार. म्हणजे १९ हजार खिशातून घालून आम्ही लोकांचा गूळ गोड करून दिला होता. तीन दिवसांचं शूटिंग चार दिवस चाललं, आणि शूटनंतर ३० दिवसांत द्यायची फिल्म ५२व्या दिवशी गेली.

मी लाइन प्रोड्यूसर. सेटवर पैसे आणि वेळ या दोन गोष्टींची राखण करणं हे माझं काम. त्यामुळे अशा वेळी सगळ्यात आधी पोटात गोळा येतो तो माझ्या. पावसाचं नाव निघाल्यावर मला खरं तर बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अवकाळी आला होता, कॅमेऱ्यावर प्लास्टिक टाकून आम्ही पत्र्याखाली उभे होतो, हे सगळ्यांना लख्ख आठवत होतं. पाऊस हा फार सोयीचा गुन्हेगार असतो. त्याला उलट प्रश्न विचारता येत नाहीत आणि त्याचं बिलही कुणाच्या नावावर लागत नाही.

पण बैठकीच्या आदल्या रात्री मी एक उद्योग केला होता. पूर्वी कधी केला नव्हता, आता प्रत्येक कामानंतर करते. शूट झालेल्या प्रत्येक क्लिपच्या पोटात ती कधी सुरू झाली आणि किती लांबीची आहे हे कॅमेऱ्यानं लिहून ठेवलेलं असतं. एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामला एक ओळ दिली की संपूर्ण दिवसाची यादी एक्सेलमध्ये उघडते:

```
exiftool -csv -r -CreateDate -Duration Day1 > day1.csv
```

पहिल्या दिवसाची यादी उघडली तर पहिला शॉट पहाटे ३ वाजून ४७ मिनिटांनी! मी दोन मिनिटं चक्रावले. त्या वेळी आमचं युनिट हॉटेलात घोरत होतं. मग लक्षात आलं की काही कॅमेरे ही वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे न लिहिता ग्रीनिचप्रमाणे लिहितात. त्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे खरी वेळ ९ वाजून १७ मिनिटं. तुमचा कॅमेरा कुठल्या घड्याळानं चालतो हे ओळखायची सोपी खूण म्हणजे भिंतीवरचं घड्याळ किंवा कुणाचा मोबाइल दिसत असलेली एखादी क्लिप शोधायची आणि यादीशी ताडून बघायची. हे केलं नाही तर पुढचं सगळं गणित साडेपाच तासांनी घसरतं.

९ वाजून १७ मिनिटं ही वेळ समजली तरी बरं वाटायचं कारण नव्हतं, कारण कॉल टाइम होता साडेसहाचा. सव्वासातला आम्ही गुऱ्हाळावर होतो. पुढचे दोन तास सामान उतरवणं, चहा, लाइट कुठे लावायचा यावरची चर्चा, 'आधी ऊस तोडणी घेऊ की आधी रस' यावरची दुसरी चर्चा.

मग मी चारही दिवसांच्या याद्या शेजारी शेजारी लावल्या आणि दोन क्लिपांमधलं अंतर काढलं. २० मिनिटांपेक्षा मोठी प्रत्येक फट पिवळी केली. पावसाची फट सापडली: दुपारी ३:१० ते ४:००. पन्नास मिनिटं. संपूर्ण चार दिवसांत पावसानं खाल्लेला वेळ एवढाच. बाकीच्या पिवळ्या पट्ट्यांची बेरीज होती साडेदहा तास.

बैठकीत मी ती यादी भिंतीवर लावली. जरा वेळ कुणी बोललं नाही. मग कॅमेरामन म्हणाला, "अहो, पण आपण काहिलीची वाट बघत होतो ना तेव्हा."

इथे गुऱ्हाळाचं थोडं सांगायला हवं. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो, खाली चुलवाणात चिपाडं जळत असतात. मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. पाक तयार झाला की काहील उचलून वाफ्यात ओततात आणि तो सोनेरी लोट, ती वाफ, तो खळखळाट हाच कुठल्याही गुळाच्या फिल्मचा जीव. या एका फेरीला आधण म्हणतात. आम्ही गेलो त्या गुऱ्हाळात एका आधणाला साधारण तीन तास लागत होते. म्हणजे ओतण्याचा शॉट तीन तासांतून एकदा मिळतो, आणि तो चालतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. चुकला की पुढचे तीन तास बसून राहायचं.

आमच्या शेड्यूलमध्ये मात्र लिहिलं होतं: 'काहील ओतणे, १० ते ११, तीन अँगल.' जणू काहील आमच्या कॉल शीटची वाट बघत थांबणार होती.

पहिल्या दिवशी झालं असं. गुऱ्हाळ पहाटे ४ला पेटलं होतं. पहिली काहील ७च्या सुमारास उतरली, तेव्हा आम्ही गाडीत होतो. दुसरी १० वाजून १० मिनिटांनी उतरली, पण एसी गाडीतून काढलेली लेन्स वाफेत नेल्यामुळे काचेवर दव धरलं आणि शॉट दुधाळ आला. तिसरी उतरली १ वाजून २० मिनिटांनी, आणि अख्खं युनिट त्या वेळी पिठलं-भाकरी खात होतं. चौथी साडेचारला. ती एका अँगलनं चांगली मिळाली. तीन अँगल हवे होते, मिळाला एक. दुसऱ्या दिवशी परत हाच खेळ.

हे सगळं मी सांगत असताना कोपऱ्यात बसलेले आमचे स्पॉट दादा चुळबुळ करत होते. वीस वर्षं शूटिंगवर चहा-नाश्ता-सामान सांभाळणारा माणूस, बैठकांमध्ये सहसा बोलत नाही. खरं तर अशा बैठकीला त्यांना बोलावतही नाहीत. मी त्यांना म्हटलं, "काय दादा, बोला की."

"ताई, ते काहिलीचं मला पयल्याच दिवशी म्हायती होतं," ते म्हणाले. "मी सकाळी गुळव्याकडे चहा घेऊन गेलो ना, त्यानं सांगितलं. म्हणे चारला पेटवलं, आता दहाला एक उतरंल, मग सव्वाच्या पुढं एक, मग साडेचार. मला वाटलं, तुमाला सगळ्यांना ठाऊकच असंल."

तर माहिती सेटवर होती. सकाळी आठ वाजता, चहाच्या किटलीजवळ. ती कॉल शीटपर्यंत पोचायला जेवणाची वेळ एक तास पुढे ढकलण्याएवढा एकच निर्णय लागत होता.

यानंतरचा प्रश्न असा की हे आम्हाला आधी का कळलं नाही. शूटआधी जागा बघून यायची असते, तिला आमच्याकडे रेकी म्हणतात. अंदाजपत्रकात पूर्वतयारीला ४० हजार होते, त्यात रेकीही होती. पण संहिता लांबली, तारीख जवळ आली, आणि अध्यक्षांनी फोनवर पाठवलेले वीसेक फोटो बघून आम्ही रेकी रद्द केली. १२ हजार वाचले. हिशेबाच्या तक्त्यात पूर्वतयारीची ओळ हिरवी दिसत होती. किरकोळ खर्चातही ९ हजार वाचले होते, तीही हिरवी. लाल ओळी दोनच: शूटिंग ९८ हजारांनी वर, एडिटिंग आणि साउंड ५२ हजारांनी वर.

नेहमीच्या हिशेबात माणूस लाल ओळींकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, पुढच्या वेळी शूटिंगवर नियंत्रण ठेवा. मीही अनेक वर्षं हेच म्हणत आले. पण पैसा जिथे जातो तिथे तो जायचं ठरलेलं नसतं. म्हणून मी प्रत्येक जादा रुपयापुढे 'हे नक्की कधी ठरलं?' असा एक रकाना घातला. कुणी केलं असा रकाना मुद्दाम ठेवला नाही, कारण तो ठेवला की पुढचा अर्धा तास वकिलीत जातो.

शूटिंगच्या ९८ हजारांत दोन गोष्टी होत्या. चौथा दिवस, ज्याचा खर्च ७२ हजार: कॅमेरा आणि लेन्सचं भाडं, माणसं, गाड्या, राहणं-जेवण. आणि ओव्हरटाइमचे २६ हजार. आमची शिफ्ट १२ तासांची असते आणि ती कॉल टाइमपासून मोजतात, पहिल्या शॉटपासून नाही. साडेसहाचा कॉल म्हणजे संध्याकाळी साडेसहाला शिफ्ट संपली. साडेचारची काहील घेऊन, संध्याकाळचा उजेड घेऊन, सामान बांधून हॉटेलवर पोचायला सव्वाआठ. तिसऱ्या दिवशीही तेच. हा ओव्हरटाइम सगळाच्या सगळा काहिलीमागे धावण्यातला होता.

चौथ्या दिवसाचं दुसरं अर्धं कारण होतं आवाज. अध्यक्षांची मुलाखत आम्ही गुऱ्हाळाच्या अंगणात ठरवली होती, मागे उसाची मोळी, छान चित्र. पण शेजारी ऊस गाळणारा चरक दिवसभर घरघरत असतो, कारण एक आधण चुलवाणावर असताना पुढच्याचा रस काढावाच लागतो. पहिल्या दिवशी मुलाखत घेतली, नाही जमली. तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतली, वारा उलटा होता तेव्हा जरा बरी झाली, पण नाहीच. शेवटी चौथ्या दिवशी आबांच्या घरी, माजघरात. आबांनी तीनदा तेच सांगितलं, आणि दर वेळी आधीपेक्षा कमी उत्साहानं. मुलाखतीचं एकूण चित्रीकरण २ तास १० मिनिटं. फिल्ममध्ये वापरलं ४८ सेकंद.

आता इथे सावध राहायला हवं. मागे वळून बघताना सगळं सरळ दिसतं आणि 'रेकी केली असती तर' हे वाक्य प्रत्येक दुखण्यावरचं औषध वाटायला लागतं. मी स्वतःला विचारलं: अर्ध्या तासाची रेकी केली असती, फोटो काढून परत आलो असतो, तर काय कळलं असतं? चरकाचा आवाज नक्की कळला असता, तिथे पाच मिनिटं उभं राहिलं तरी कानात बसतो. काहिलीचं मात्र कळलं असतंच असं नाही. त्यासाठी एक आधण सुरू होऊन संपेपर्यंत तिथे बसावं लागलं असतं. म्हणजे रेकी रद्द केली ही चूक होतीच, पण आमची नेहमीची धावती रेकीही निम्मीच कामाची ठरली असती. पाठपडताळणीतून मिळालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच होती, आणि ती 'पुढच्या वेळी रेकी करा' या वाक्यात मावत नाही.

सिनेमाच्या इतिहासात याहून फार मोठी आणि फार प्रसिद्ध उदाहरणं आहेत. मायकेल चिमिनोचा 'हेवन्स गेट' १९८०मध्ये आला. त्याचा मूळ अंदाज होता १ कोटी १६ लाख डॉलर, खर्च गेला ४ कोटी ४० लाखांच्या घरात. निर्मिती करणाऱ्या युनायटेड आर्टिस्ट्समधले अधिकारी स्टीव्हन बाख यांनी पुढे १९८५मध्ये त्यावर 'फायनल कट' नावाचं पुस्तक लिहिलं. त्या शूटिंगबद्दलची एक गोष्ट मला विसरता येत नाही. शूटिंगचे पहिले ६ दिवस संपले तेव्हा ते ५ दिवस मागे होते. म्हणजे जे व्हायचं होतं ते पहिल्याच आठवड्यात कागदावर दिसत होतं. आमच्या गुऱ्हाळावरही ते पहिल्या संध्याकाळी दिसत होतं. क्लिपांची यादी काढायला मला २० मिनिटं लागतात. ती मी त्याच रात्री हॉटेलात काढली असती तर दुसऱ्या दिवशीचं जेवण तरी बाराला झालं असतं.

एडिटिंगच्या ५२ हजारांची गोष्ट वेगळी आहे. शूटिंगमधला तोटा उघड असतो, माणसं उभी दिसतात. एडिटमधला तोटा एकट्या माणसाच्या खोलीत होतो.

आम्ही एडिटिंगला १६ दिवस धरले होते, दिवसाला ५ हजार. लागले २४. या ८ जादा दिवसांतले २ गेले चित्र आणि आवाज जुळवण्यात. आवाज आम्ही वेगळ्या रेकॉर्डरवर घेतो, म्हणून प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला क्लॅप द्यायचा असतो: लाकडी पाट्या आपटल्याचा आवाज आणि चित्र एकमेकांवर बसवले की झालं. तिसऱ्या दिवशी घाईत क्लॅप राहिले. त्यावर उपाय असतो. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवरचा कच्चा आवाज आणि रेकॉर्डरवरचा आवाज सॉफ्टवेअर आपोआप जुळवतं. पण कॅमेऱ्याच्या माइकवर होती फक्त चरकाची घरघर. सॉफ्टवेअरला ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच. रेकॉर्डरचं घड्याळही ११ मिनिटं पुढे निघालं. एडिटरनं ते सगळं आबांचे ओठ बघून हातानं जुळवलं. हे त्यानं मला तेव्हा सांगितलं नाही. "सांगून काय झालं असतं?" असं तो बैठकीत म्हणाला, आणि ते खरंच होतं.

पुढचे ३ दिवस आवडीनिवडीचे. बदल किती वेळा करून देणार हे करारात होतं, तीन फेऱ्या. पण 'फेरी' म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. क्लायंटकडची चार माणसं व्हॉट्सॲपवर सूचना पाठवत होती, त्यात आवाजी निरोपही. मी त्या सगळ्या एका तक्त्यात उतरवून काढल्या, एकूण ६१ भरल्या. यातल्या २२ शुद्ध आवडीच्या होत्या, आणि त्यातल्या काही एकमेकींच्या विरुद्ध. मंगळवारी एकजण संगीत वाढवायला सांगायचा, गुरुवारी दुसरा कमी करायला. एडिटर बिचारा दोन्ही करून देत होता. फोल्डरमध्ये `Gul_FINAL_v6_new.mp4` नावाची फाइल होती आणि तिच्यानंतर आणखी तीन.

आणि उरलेले ३ दिवस एका शब्दाचे.

निवेदनात आम्ही म्हटलं होतं, 'सेंद्रिय गूळ'. संहिता अध्यक्षांना फोनवर वाचून दाखवली होती, त्यांनी "छान आहे" म्हटलं आणि आम्ही ते मंजुरी म्हणून धरलं. चित्र पक्कं झालं, निवेदकाचा आवाज घेतला, मिक्सिंग झालं, रंग झाले. मग सहाव्या आवृत्तीच्या वेळी कंपनीत गुणवत्ता आणि कागदपत्रं बघणाऱ्या मॅडमनी फिल्म पहिल्यांदा पाहिली, आणि त्यांनी एका ओळीचा निरोप पाठवला: आपलं प्रमाणपत्र अजून आलेलं नाही, 'सेंद्रिय' म्हणता येणार नाही.

त्यांचं बरोबर होतं. खाद्यपदार्थ सेंद्रिय म्हणून विकायचा तर त्याला मान्य पद्धतीचं प्रमाणपत्र लागतं, २०१७च्या नियमांत ते स्पष्ट आहे. या शेतकऱ्यांची जमीन अजून रूपांतराच्या काळात होती. तो शब्द फिल्ममध्ये चार वेळा होता, तिन्ही छोट्या तुकड्यांत एकेकदा, शिवाय सबटायटल्समध्ये. निवेदक पुन्हा स्टुडिओत: ७ हजार. मिक्सिंग पुन्हा: ५ हजार. एडिटरचे ३ दिवस: १५ हजार. 'सेंद्रिय' या तीन अक्षरांचे २७ हजार.

संहितेच्या टप्प्यावर हाच बदल पेनाच्या एका फटकाऱ्यात झाला असता. मॅडमना संहिता वाचायला दिली असती तर त्यांनी तीच ओळ तीन आठवडे आधी पाठवली असती. त्यांना ती कुणी दिली नाही, कारण आमच्या डोक्यात क्लायंट म्हणजे आबा.

वेळेचं गणित मात्र पैशांच्या गणितापेक्षा निराळं निघालं. फिल्म २२ दिवस उशिरा गेली, पण एडिटरनं जादा काम केलं ८ दिवसच. उरलेले १४ दिवस फाइल नुसती पडून होती, कुणीतरी बघून कळवेल म्हणून. हे दिवस कुठल्याच बिलात दिसत नाहीत. पण आमचे ४० टक्के पैसे फिल्म दिल्यावर मिळणार होते, आणि कॅमेरा भाड्यानं देणारा काही आमच्यासाठी थांबत नाही. एडिटर घाईनं काम करत असता तरी या १४ दिवसांतला एकही कमी झाला नसता. उशीर झाला की आपण नेहमी काम करणाऱ्याला हाकतो. हे आकडे बघितल्यावर मी ते बंद केलं.

बैठकीबद्दल थोडं. पिक्सारचे एड कॅटमल यांनी आपल्या पुस्तकात लिहिलंय की काम संपल्यावरच्या अशा बैठका लोकांना आवडत नाहीत. म्हणून ते प्रत्येकाला दोन याद्या करून आणायला सांगत: पुन्हा करू अशा पाच गोष्टी आणि पुन्हा करणार नाही अशा पाच. आम्ही तीन-तीनच केल्या, आणि बैठकीआधी कागदावर लिहून घेतल्या. आधी लिहून घेण्याचा फायदा असा की सगळ्यात आधी बोलणाऱ्याच्या पावसात बाकीचे भिजत नाहीत. स्पॉट दादांची यादी मी फोनवर विचारून लिहिली होती. तिच्यात 'पुन्हा करू' मध्ये एकच गोष्ट होती: गुळव्याबरोबरचा चहा. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

क्लायंटला या बैठकीला बोलावलं नाही. त्यांच्याशी वेगळं बसलो, आणि फक्त दोन गोष्टींवर: सूचना कोण देणार आणि संहिता कोण कोण वाचणार. आबांना आकडे दाखवले तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडून चौघं बोलत होते व्हय? मला वाटलं, मी एकटाच." एडिटरकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

जादा गेलेले दीड लाख मी शेवटी असे वाटले: काहील आणि चरक न बघितल्याचे ९८ हजार, न दाखवलेल्या संहितेचे २७, आवडीनिवडीचे १५, क्लॅपचे १०. वाटणी अगदी काटेकोर नाही. चौथा दिवस कदाचित अर्धा तरी लागलाच असता, आणि क्लॅपच्या १० हजारांतला काही भाग चरकाच्या नावावर टाकता येईल. पण पुढचं अंदाजपत्रक बनवायला एवढी वाटणी पुरली.

पुढचं काम सातारा जिल्ह्यातलं, गावातल्या दूध संकलनावरचं. अंदाजपत्रकात रेकीची ओळ वेगळी काढली आणि तिच्यापुढे लिहिलं की ही ओळ कापायची असेल तर शूटची तारीख पुढे जाईल. शेड्यूलला डावीकडे एक नवा रकाना आला: 'तिथलं घड्याळ'. त्यात आमच्या वेळा लिहायच्याच नाहीत. दूध कधी येतं, गाडी कधी निघते, कोण कधी जेवतं, यंत्र कधी सुरू होतं, एवढंच. आमचा दिवस त्याच्या उजवीकडे. संहितेत प्रत्येक दाव्याखाली रेघ मारली आणि समोर पुरावा आणि तो तपासणाऱ्याचं नाव लिहिलं. करारात 'फेरी' या शब्दाची व्याख्या आली: एका व्यक्तीकडून, एकाच कागदावर, फाइल मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत. दोन फेऱ्या किमतीत, तिसरीपासून वेगळे पैसे. हा मुद्दा मांडताना आवाज जरा चाचरला, हे कबूल करते. क्लायंटनं काही न बोलता सही केली.

त्या कामात शूटिंग वेळेत झालं. संगीतावर मात्र २२ हजार जादा गेले, कारण एक धून आम्ही फक्त यूट्यूबपुरती विकत घेतली होती आणि क्लायंटला ती फिल्म मेळाव्यात मोठ्या पडद्यावर दाखवायची होती. तो रकाना आता पुढच्या तक्त्यात आहे.

पहिल्या रात्री लॉजवर बसून मी क्लिपांची यादी काढली. पहिल्या क्लिपसमोर आदल्या दिवशीची तारीख होती आणि वेळ रात्री ११ वाजून १० मिनिटं. साडेपाच तास मिळवले. पहाटे ४:४०. रस्त्यावर काळोख, किटल्यांचा खणखणाट, आणि पहिली म्हातारी बाई दूध घेऊन अजून चढ चढतेय.